आइस्क्रीममधली हवा, बर्फ आणि गोंद यांचा हिशेब

ओव्हररन म्हणजे मिक्समध्ये हवा मिसळल्यामुळे वाढलेले आकारमान. ते मूळ मिक्सच्या आकारमानाच्या टक्केवारीत सांगतात. १०० लिटर मिक्स फ्रीजरमध्ये घातले आणि १९० लिटर आइस्क्रीम बाहेर आले, तर वाढ ९० लिटरची झाली आणि ओव्हररन ९० टक्के ठरला. दुग्धतंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात, मग तो कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेतला असो की उदगीरच्या महाविद्यालयातला, आइस्क्रीमवरची गणिते बहुधा इथूनच सुरू होतात. सूत्र साधे आहे, तरी गुण सर्वाधिक जातात ते इथेच. टक्केवारी कशाची काढायची, हे पक्के नसेल तर पुढचे प्रत्येक उत्तर चुकते.

कारखान्यात लिटर मोजत बसणे सोयीचे नसते. तिथे एक ठरलेला कप घेतात, तो मिक्सने काठोकाठ भरून वजन करतात आणि मग तोच कप फ्रीजरमधून निघालेल्या आइस्क्रीमने भरून पुन्हा वजन करतात. समजा, रिकाम्या कपाचे वजन वगळल्यावर मिक्स ११० ग्रॅम आणि आइस्क्रीम ५८ ग्रॅम भरले. फरक ५२ ग्रॅमचा. त्याला ५८ ने भागायचे, कारण सूत्र असे आहे:

ओव्हररन (%) = (मिक्सचे वजन − तेवढ्याच आकारमानाच्या आइस्क्रीमचे वजन) ÷ आइस्क्रीमचे वजन × १००

उत्तर येते सुमारे ९० टक्के. इथे अनेक विद्यार्थी ५२ ला ११० ने भागतात आणि ४७ टक्के लिहून मोकळे होतात. वरवर पाहता त्यांचे तर्कशास्त्र बरोबर वाटते. ओव्हररन मूळ मिक्सच्या टक्केवारीत सांगायचा असतो, मग भागायचेही मिक्सच्याच वजनाने, असे त्यांना वाटते. पण कपात आलेल्या ५८ ग्रॅम आइस्क्रीममध्ये मिक्सही ५८ ग्रॅमच असते, कारण हवेचे वजन नगण्य. ते ५८ ग्रॅम मिक्स फुगून ११० ग्रॅम मिक्सएवढी जागा व्यापू लागले, म्हणून वाढ ५८ च्या तुलनेत मोजायची.

चुकून आलेले ४७ टक्के हे उत्तरही निरर्थक नाही. कपातल्या आइस्क्रीमचा किती भाग नुसती हवा आहे, ते हा आकडा सांगतो. ९० टक्के ओव्हररन असलेल्या १९० भागांत ९० भाग हवा, म्हणजे ४७ टक्के. १०० टक्के ओव्हररन म्हणजे नुसती हवा, असा समज बराच पसरलेला आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ निम्मी हवा आणि निम्मे मिक्स एवढाच. हे दोन आकडे वेगळे ठेवता आले की ओव्हररनची निम्मी गणिते सुटतात.

आता एक ठरावीक मिक्स घेऊन पुढचा हिशेब त्याच्यावरच करता येईल. १०० किलो मिक्समध्ये १० किलो फॅट, ११ किलो एसएनएफ, १५ किलो साखर आणि स्टॅबिलायझर-इमल्सिफायर मिळून ०.४ किलो आहे. फॅट आणि एसएनएफ हे शब्द दूध संकलन केंद्राच्या पावतीवर असतात त्याच अर्थाने इथेही येतात. एकूण घन पदार्थ ३६.४ किलो झाले आणि पाणी उरले ६३.६ किलो.

या मिक्सचे लिटरमागे वजन काढताना एका किलो पाण्याने १ लिटर, एका किलो फॅटने सुमारे १.०७५ लिटर आणि उरलेल्या एका किलो घन पदार्थांनी सुमारे ०.६३३ लिटर जागा व्यापली असे धरतात. त्याप्रमाणे १०० किलो मिक्सला ६३.६ + १०.७५ + १६.७१, म्हणजे सुमारे ९१ लिटर जागा लागते. एक लिटर मिक्स १.०९८ किलो भरते. फॅट पाण्यापेक्षा हलके आणि साखर-प्रथिने जड, त्यामुळे जास्त मलई घातलेले मिक्स लिटरमागे किंचित हलके होते. प्रश्नात मिक्सचे वजन किलोत आणि आइस्क्रीम लिटरमध्ये दिले असेल, तर ही पायरी टाळता येत नाही. १०० किलो म्हणजे १०० लिटर धरून पुढे गेलेला हिशेब जवळजवळ दहा टक्क्यांनी चुकतो.

भारतीय अन्न सुरक्षा नियमांनुसार साध्या आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाचे फॅट आणि ३६ टक्के घन पदार्थ असावे लागतात. शिवाय एका लिटर आइस्क्रीमचे वजन किमान ५२५ ग्रॅम असावे लागते. ही शेवटची अट म्हणजेच हवेवरची मर्यादा आहे. आपल्या मिक्समध्ये जास्तीत जास्त किती हवा भरता येईल? १०९८ मधून ५२५ वजा केले की ५७३ उरतात. त्याला ५२५ ने भागले की १०९ टक्के येतात. ११० टक्के ओव्हररन काढला तर लिटरचे वजन ५२३ ग्रॅम होईल आणि माल नियमात बसणार नाही. जुन्या पाठ्यपुस्तकांत एक ढोबळ नियम सापडतो: ओव्हररन घन पदार्थांच्या टक्केवारीच्या दोन ते तीन पट ठेवावा. ३६.४ ची तिप्पट १०९ येते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. हवेचे बुडबुडे धरून ठेवायला भोवतीच्या भिंतीत पुरेसा माल लागतो. पातळ मिक्समध्ये तेवढीच हवा कोंबली, तर आइस्क्रीम तोंडात फेसासारखे लागते आणि साठवणीत खाली बसते.

पॅकवर मिलिलिटर आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतील, तर हा हिशेब ग्राहकालाही करता येतो. ७०० मिलिलिटरच्या पॅकचे निव्वळ वजन ३८५ ग्रॅम असेल, तर लिटरमागे ५५० ग्रॅम झाले आणि ओव्हररन १०० टक्क्यांच्या आसपास आहे.

सुकामेवा आणि फळे आली की गणित थोडे वळण घेते. ६० लिटर मिक्स, ८ लिटर काजूतुकडे आणि शेवटी १२२ लिटर आइस्क्रीम, असा प्रश्न असेल तर आधी पाहायचे की ती भर फ्रीजरच्या आधी पडते की नंतर. काजूचे तुकडे फ्रीजरमधून बाहेर पडलेल्या मऊ आइस्क्रीममध्ये मिसळतात. त्यांच्यात हवा शिरत नाही. म्हणून १२२ मधून ते ८ लिटर बाजूला काढायचे. उरलेले ११४ लिटर आइस्क्रीम ६० लिटर मिक्सपासून झाले, ओव्हररन ९० टक्के. तीच ८ लिटर भर हापूसच्या रसाची असेल, तर रस मिक्समध्ये मिसळून फ्रीजरमधून जातो आणि हवा घेतो. मग मूळ आकारमान ६८ लिटर धरायचे, आणि ओव्हररन येतो ७९ टक्के. आकडे तेच राहतात, पण भर कुठे पडली यावर उत्तर बदलते.

हवा भरण्याचे आणि गोठवण्याचे काम एकाच यंत्रात एकाच वेळी होते. त्याआधी मिक्स पाश्चराइज होते, गरम असतानाच होमोजिनाइज होते, ४ अंश सेल्सियसपर्यंत थंड होते आणि किमान चार तास, बरेचदा रात्रभर, त्याच तापमानाला मुरते. मुरण्याच्या या काळात फॅटचे बारीक गोळे घट्ट होतात आणि प्रथिने व स्टॅबिलायझर पाणी शोषून घेतात. मग ते फ्रीजरच्या नळकांड्यात शिरते. नळकांड्याच्या बाहेरून अमोनियासारखे शीतक वाहते, आतल्या भिंतीवर बर्फाचा पातळ थर धरतो आणि फिरती पाती तो लगेच खरवडून काढतात. म्हणून बर्फाचे कण बारीक राहतात. कण ५० मायक्रोमीटरच्या पुढे वाढले की जिभेला खरखर जाणवू लागते. फ्रीजरमधली सगळी घाई त्या मर्यादेच्या आत राहण्यासाठी असते.

मिक्स शून्य अंशाला गोठत नाही. त्यातली साखर, दुधातली लॅक्टोज आणि क्षार यांमुळे गोठणबिंदू साधारण उणे २.५ अंशांपर्यंत खाली जातो. पाण्याचा थोडा भाग बर्फ झाला की उरलेल्या पाण्यात साखर दाटते आणि पुढचे पाणी गोठण्यासाठी तापमान आणखी खाली जावे लागते. त्यामुळे आइस्क्रीम एका तापमानाला गोठत नाही, हळूहळू गोठत राहते. प्रश्न सोडवताना एक सोपा अंदाज वापरतात: न गोठलेले पाणी म्हणजे गोठणबिंदू भागिले त्या क्षणाचे तापमान. उणे ५ अंशांना २.५ ÷ ५, म्हणजे निम्मे पाणी द्रव आणि निम्मे बर्फ. फ्रीजरमधून आइस्क्रीम बाहेर काढतात ते साधारण याच टप्प्यावर. मात्र याच सूत्राने उणे १८ अंशांना ८६ टक्के बर्फ येतो, आणि तो जास्त आहे. दाट पाकाचा गोठणबिंदू त्याच्या दाटपणाच्या प्रमाणापेक्षा जास्त वेगाने खाली जातो, त्यामुळे प्रत्यक्षात ७५ ते ८० टक्केच पाणी गोठलेले असते. सुरुवातीच्या टप्प्यात हा अंदाज वापरावा, खोल थंडीत त्याच्यावर विसंबू नये.

आता फ्रीजरला किती उष्णता बाहेर काढावी लागते, ते पाहू. आपले १०० किलो मिक्स ४ अंशांवरून उणे ५ अंशांवर न्यायचे आहे. ४ पासून उणे २.५ पर्यंत ६.५ अंशांचा उतार. मिक्सची विशिष्ट उष्मा ३.३ किलोज्यूल धरली तर १०० × ३.३ × ६.५ म्हणजे २१४५ किलोज्यूल. पुढे निम्मे पाणी, ३१.८ किलो, बर्फ होणार. पाण्याची गोठण्याची अप्रकट उष्मा किलोमागे ३३४ किलोज्यूल, म्हणून १०,६२१ किलोज्यूल. उणे २.५ पासून उणे ५ पर्यंतच्या उतारासाठी अर्धवट गोठलेल्या मालाची विशिष्ट उष्मा २.५ धरून ६२५ किलोज्यूल. एकूण १३,३९१ किलोज्यूल, आणि त्यातला जवळजवळ ८० टक्के भाग एकट्या बर्फ होण्याचा.

या प्रमाणामुळेच अप्रकट उष्मेची चूक महागात पडते. काही जण सगळे ६३.६ किलो पाणी गोठले असे धरतात, तर काही ३३४ ला सरळ १०० किलोने गुणतात. पहिल्यांचे उत्तर दीडपटीहून मोठे येते, दुसऱ्यांचे अडीचपटीहून अधिक. गोठते ते फक्त पाणी, आणि तेही त्या तापमानाला जितके गोठेल तितकेच.

हे काम अर्ध्या तासात करायचे असेल, तर १३,३९१ ला १८०० सेकंदांनी भागून ७.४४ किलोवॉट मिळतात. पण फिरत्या पात्यांची मोटर जी शक्ती मिक्समध्ये घालते तीही उष्णता होऊन तिथेच राहते. ती २ किलोवॉट दिली असेल तर एकूण भार ९.४४ किलोवॉट झाला. शीतकरणाचा एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॉट, त्यामुळे यंत्रणा सुमारे २.७ टनांची हवी. मोटर विसरली तर उत्तर २.१ टन येते, आणि त्यावर विसंबून घेतलेला कॉम्प्रेसर माल वेळेत गोठवू शकत नाही. बाहेर पडणारे आइस्क्रीम मऊ राहते, त्यात बर्फ कमी असतो, आणि उरलेले पाणी पुढे सावकाश गोठून कण मोठे होतात.

फ्रीजरची क्षमता आइस्क्रीमच्या लिटरमध्ये दिली असेल, तर इथेच ओव्हररन पुन्हा गणितात येतो. ताशी ४०० लिटर आइस्क्रीम, ओव्हररन १०० टक्के: मिक्स लागणार २०० लिटर, म्हणजे सुमारे २२० किलो. उष्णतेचा हिशेब या २२० किलोवर करायचा. हवेला वजन जवळजवळ नाही, त्यामुळे ती थंड करायला काही लागत नाही.

पुढचा टप्पा हार्डनिंगचा. पॅकमध्ये भरलेले आइस्क्रीम उणे ३० अंशांच्या आसपासच्या वेगवान थंड हवेत ठेवतात, जोपर्यंत पॅकच्या मधोमध उणे १८ येत नाही. ७८ टक्के पाणी गोठले असे धरले, तर आणखी २८ टक्के, म्हणजे १७.८ किलो पाण्याचा बर्फ व्हायचा आहे. त्याचे ५९४५ किलोज्यूल, आणि तापमान १३ अंशांनी उतरवण्याचे सुमारे २६०० किलोज्यूल. एकूण साडेआठ हजार, फ्रीजरच्या कामापेक्षा कमी. वेळ मात्र कितीतरी जास्त लागतो, कारण आता खरवडणारी पाती नाहीत आणि आइस्क्रीममधली हवाच उष्णतेला अडवते. पॅकची जाडी दुप्पट केली तर आतून घट्ट होण्याचा वेळ दुपटीहून बराच जास्त वाढतो. लग्नाच्या ऑर्डरचे मोठे डबे घाईने बाहेर काढले की कडेला घट्ट आणि मध्ये मऊ निघतात, ते यामुळेच.

कुल्फीत ही खरवडण्याची पायरीच नसते. साच्यात ती न घुसळता गोठते, म्हणून तिच्यात हवा जवळजवळ नसते आणि बर्फाचे कण मोठे होण्याचा धोका असतो. आटवलेल्या दुधाने ती उणीव बरीचशी भरून निघते, कारण घन पदार्थ वाढले की गोठायला पाणीच कमी उरते.

स्टॅबिलायझरचे काम मुख्यत्वे गोठल्यानंतरचे आहे. भारतात त्यासाठी गवारीच्या बियांपासून काढलेला ग्वार गम सर्रास वापरतात. राजस्थान हा त्याचा मोठा उत्पादक. त्याच्या जोडीला लोकस्ट बीन गम, सीएमसी, अल्जिनेट किंवा थोडे कॅराजीनन येते. मोनोग्लिसराइडसारखे इमल्सिफायर वेगळे. ते फॅटच्या गोळ्यांना घुसळताना एकमेकांना चिकटू देतात आणि त्या जाळ्यावर हवेचे बुडबुडे टिकतात. स्टॅबिलायझर पाण्याला धरतो.

मात्रा नेहमी पूर्ण मिक्सच्या वजनावर काढतात, घन पदार्थांवर नाही. १००० किलो मिक्सला ०.२५ टक्के म्हणजे अडीच किलो. ही भुकटी थेट दुधात टाकली की वरून ओली आणि आतून कोरडी अशा गुठळ्या होतात, म्हणून ती आधी पाच ते दहापट साखरेत कोरडीच मिसळतात. ग्वार गम थंडातही पाणी शोषतो, लोकस्ट बीन गमला मात्र उष्णता लागते. तो पाश्चरायझेशनच्या आधीच घालावा लागतो.

एवढीशी मात्रा पुरते कशी, याचे उत्तर न गोठलेल्या पाण्याच्या हिशेबात आहे. आपल्या १०० किलो मिक्समध्ये ०.२५ किलो गोंद आणि ६३.६ किलो पाणी. पाण्यावर मोजले तर ०.४ टक्केही नाही. पण उणे १८ अंशांना ७८ टक्के पाणी बर्फ होऊन बाजूला गेले, द्रव राहिले फक्त १४ किलो, आणि सगळा गोंद त्या १४ किलोंत जमा झाला. आता प्रमाण १.८ टक्के, साडेचारपट. सोबत १५ किलो साखर आणि एसएनएफमधली सुमारे ६ किलो लॅक्टोजही त्याच पाण्यात आहे. म्हणजे बर्फाच्या कणांमध्ये उरलेला द्रव हा ६० टक्क्यांचा पाक असतो आणि त्यात गोंद दाट विरघळलेला असतो. अशा चिकट द्रवातून पाण्याचे रेणू एका कणापासून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकत नाहीत. बर्फाच्या कणांची वाढ मंदावते ती यामुळे.

मात्रा चुकली तर ते चमच्याला कळते. कमी पडली की आठवडाभरात आइस्क्रीम खरखरीत होते आणि वितळताना पाणी वेगळे सुटते. जास्त झाली की घास चिकट, रबरासारखा लागतो, आणि बशीत ठेवलेला गोळा वितळण्याची वेळ उलटून गेली तरी आकार सोडत नाही. ग्वार किंवा लोकस्ट बीन गम एकटाच वापरला तर तो दुधाच्या प्रथिनांपासून फारकत घेतो आणि मिक्समध्ये पातळ निवळी वेगळी होते. अगदी थोडे कॅराजीनन, ०.०२ टक्क्यांच्या आसपास, ही फारकत रोखते.

तापमानाच्या चढउतारापुढे मात्र गोंदाची ताकद मर्यादित आहे. दुकानाच्या फ्रीजरची वीज काही तास गेली आणि आइस्क्रीम उणे १८ वरून उणे १० वर आले, तर ते हाताला अजून गोठलेलेच लागते. पण उणे १० अंशांना बर्फ साधारण ७० टक्केच टिकतो. ७८ वरून ७० म्हणजे पाण्याचा ८ टक्के भाग वितळला, १०० किलो मालात सुमारे ५ किलो, एका किलोमागे ५० ग्रॅम. वितळतात ते आधी सर्वांत बारीक कण. वीज आल्यावर हे पाणी पुन्हा गोठते, पण नवे बारीक कण तयार होत नाहीत; उरलेल्या मोठ्या कणांवरच ते चढते. प्रत्येक खंडित पुरवठ्यानंतर कणांची संख्या घटते आणि आकार वाढतो. स्टॅबिलायझर ही वाढ मंद करतो, थांबवू शकत नाही, आणि एकदा मोठे झालेले कण पुन्हा कितीही थंड केले तरी बारीक होत नाहीत.